एकतीस मार्चला उघडं स्टोअर

दर वर्षी मार्च संपताना आम्ही स्टोअरच्या खिडकीवर एक कागद चिकटवत असू. ‘साठा मोजणीमुळे तीन दिवस माल देणे बंद.’ धाराशिव जिल्ह्यातल्या एका खासगी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं काम करतोय. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं हा कागद माझ्याच हस्ताक्षरात लागलेला आहे.

आमच्याकडे गाळप साधारण फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चमध्ये संपतं. हंगाम संपला की मशिनरी उघडायला घेतात, ओव्हरहॉलिंग सुरू होतं. म्हणजे ज्या आठवड्यात फिटर लोक मिल उघडून बसलेले असतात, जुने पार्ट काढून आणत असतात आणि नवे मागत असतात, नेमक्या त्याच आठवड्यात स्टोअर बंद करून आम्ही मोजायला बसायचो. अकाउंट्स, टाइम ऑफिस, ऊस विभाग, जिथून मिळतील तिथून माणसं गोळा करून चौदा जण व्हायचे. शिल्लक असलेल्या वस्तू सुमारे ५,९०० होत्या. तीन दिवसांत त्या संपवायच्या म्हणजे माणशी दिवसाला एकशे चाळीस वस्तू. ऊस विभागातल्या माणसाला २२२१८ आणि २२३१८ या दोन बेअरिंगांतला फरक माहीत असायचं कारण नाही. तो पेटीवरचा नंबर वाचायचा, पेट्या मोजायचा आणि पुढच्या रॅककडे जायचा. त्याच्यावर माझा राग नाही, दिवसाला एकशे चाळीस वस्तू मोजायच्या तर मीही तेच केलं असतं.

मोजणी संपली की फरकांची यादी निघायची. दोनशे, कधी अडीचशे ओळी. काही तूट, काही वाढ. त्या प्रत्येक ओळीचं कारण शोधायला अकाउंट्सकडून चार दिवस मिळायचे, कारण वर्षअखेर तोंडावर असे. चार दिवसांत दोनशे कारणं कुठून शोधणार? एप्रिलमध्ये घडलेली चूक पुढच्या मार्चमध्ये दिसते, मधे तीनशेवर दिवसांच्या पावत्या पडलेल्या असतात, आणि ज्या फिटरनं माल नेला तो एव्हाना दुसऱ्या कारखान्यात गेलेला असतो. मग ‘एंट्री राहिली असावी’, ‘परत आलेला माल जमा नाही’ अशी चार-पाच ठरलेली कारणं आम्ही आलटून पालटून लिहायचो. किती कमी, किती जास्त हे वार्षिक मोजणी सांगायची. का, हे तिला सांगता येत नव्हतं.

एका जानेवारीतली रात्र मला विसरता येत नाही. तिसऱ्या मिलच्या गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. रात्री दीडला मला घरून बोलावलं. स्क्रीनवर शिल्लक एक नग दाखवत होती, बिन कार्डावर एक होता आणि रॅकवर पेटीही एक होती. मोठं बेअरिंग, लाकडी पेटी, दोघांनी उचलून खाली ठेवली. चीफ इंजिनिअर स्वतः उभे होते. पेटी उघडली तर आत जुनं, झिजलेलं, काळं पडलेलं बेअरिंग. मागच्या एका ओव्हरहॉलिंगमध्ये नवं बसवलं असणार, आणि काढलेलं जुनं त्याच पेटीत घालून कुणीतरी रॅकवर ठेवून दिलं असणार. इश्यू स्लिप झालीच नव्हती. त्यानंतर दोन वार्षिक मोजण्या होऊन गेल्या होत्या, आणि दोन्हींच्या पत्रकात मला माझीच सही दिसली. दोन्ही वेळा आम्ही पेटी मोजली होती.

पुण्याहून बेअरिंग येऊन बसेपर्यंत एकतीस तास गाळप थांबलं. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या होत्या. तोडलेला ऊस उभा राहिला की सुकतो, वजन घटतं, उतारा पडतो. थंडीत शेकोट्या करून बसलेल्या गाडीवानांपैकी एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, “सायेब, आमच्या घरात बाजरीचं पोतं असतंय, तर आत बाजरीच हाय का ते आमी हात घालून बगतो.” त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही वार्षिक मोजणी सोडून चक्राकार मोजणी सुरू केली. रोज थोड्या वस्तू मोजायच्या; महत्त्वाच्या वस्तू वर्षातून अनेकदा, बाकीच्या एकदा. ही कल्पना माझी नव्हे. वस्तूंचे ए, बी, सी असे वर्ग पाडण्याची पद्धत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये एका लेखात मांडली होती. आमचा ईआरपी एसएपीचा आहे आणि त्यात चक्राकार मोजणीची सोय आधीपासून होती. आम्ही ती कधी वापरली नव्हती, एवढंच.

एसएपीमध्ये `MIBC` नावाचा व्यवहार आहे. त्याला कारखाना सांगायचा, कालावधी सांगायचा, आणि कुठल्या वर्गात वापराच्या एकूण किमतीचा किती टक्के भाग धरायचा ते सांगायचं. तो त्या काळातल्या वापराच्या किमतीनुसार सगळ्या वस्तूंची उतरती यादी लावतो आणि प्रत्येकीला मोजणीचं अक्षर सुचवतो. आपण जतन केलं की ते अक्षर वस्तूच्या मास्टरमध्ये जाऊन बसतं. वर्गाला वर्षातून किती वेळा मोजायचं हे सेटिंगमध्ये ठरलेलं असतं. पहिल्यांदा ते चालवलं तेव्हा पाच मिनिटांत ५,९०० वस्तूंचे वर्ग पडलेले पाहून मला फार समाधान वाटलं. जतन करण्याआधी मी सहज त्या बेअरिंगचा कोड शोधला. ते सगळ्यात खालच्या वर्गात होतं.

त्यात यंत्राची चूक नव्हती. त्या वर्षात ते बेअरिंग कुणी नेलेलं नव्हतं, म्हणजे वापर शून्य, म्हणून वर्ग शेवटचा. पण हंगामात थांबू नये म्हणून जे सुटे भाग आपण वर्षानुवर्षं ठेवून देतो, त्यांचा वापर शून्यच असतो आणि शून्यच राहावा अशी आपली इच्छा असते. टर्बाइनचे ठरावीक भाग, गिअरबॉक्सची पिनियन, मोठी बेअरिंगं, फीड पंपाचा शाफ्ट असा हा माल. वापराच्या किमतीवर वर्ग पाडले की हा सगळा माल तळाला जातो, आणि ज्याच्यासाठी आपण मोजणी बदलायला निघालो तोच वर्षातून एकदा, घाईत, पेटीवरून मोजला जातो.

म्हणून मी आणि चीफ इंजिनिअर दोघांनी आठवडाभर रोज संध्याकाळी बसून यादी डोळ्यांखालून घातली. प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारले. ही नसेल तर गाळप थांबतं का, आणि नवी मिळायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असलं की ती वस्तू ए वर्गात गेली, मग तिचा वापर शून्य असो. तिसरा प्रश्न पुढे मीच जोडला: ही वस्तू भंगारवाल्याच्या तराजूवर चढते का? गनमेटलची बेअरिंगं, तांब्याची केबल, पितळी व्हॉल्व्ह. खिशात किंवा डब्यात मावणारी आणि बाहेर लगेच पैसे देणारी वस्तू किमतीनं बी वर्गातली असली तरी ती ए मध्ये घेतली. मास्टरमध्ये मोजणीच्या अक्षराशेजारी ते अक्षर पक्कं करण्याची एक चौकट असते. या सगळ्या वस्तूंना तिथे खूण केली. ती खूण नसती तर पुढच्या वर्षी `MIBC` चालवताच त्या परत तळाला गेल्या असत्या. वर्षभर नीट चाललेली योजना दुसऱ्या वर्षी या एका न केलेल्या खुणेपायी मोडू शकते.

शेवटी ए मध्ये ३१० वस्तू राहिल्या, बी मध्ये ९००, आणि उरलेल्या ४,७०० च्या आसपास सी मध्ये. ए वर्षातून सहा वेळा, बी तीन वेळा, सी एकदा. गुणाकार केला तर वर्षाच्या ९,२६० मोजण्या होतात. कामाचे दिवस २९० धरले तर दिवसाला बत्तीस. चौदा माणसांच्या जत्रेऐवजी दोन माणसं, सकाळचे दीड ते दोन तास. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा व्यवस्थापनाकडून होकार आला. सहा वेळा हा आकडा कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. बारा वेळा धरलं असतं तर रोजच्या मोजण्या अडतीसच्या पुढे जात होत्या, आणि दोन माणसांना अडतीस पेट्या उघडून, नंबर वाचून मोजणं झेपत नाही. वारंवारता माणसांच्या हातांवरून ठरवावी लागते. ती आधी ठरवून हातांवर लादली की पुन्हा पेट्याच मोजल्या जातात.

मोजणीची माणसंही मी ठरवून घेतली. एक स्टोअरमधला जुना मदतनीस. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. दुसरा नव्यानं लागलेला डिप्लोमा झालेला मुलगा. तात्यांना वस्तू ओळखता येते, मुलाला नंबर नीट वाचता येतो. मोजणीच्या पत्रकावर पुस्तकी शिल्लक छापायची नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. ‘पुस्तकात १८ आहेत’ असं डोळ्यांसमोर असलं की सतरा मोजून झाल्यावर माणूस अठरावा शोधतो, आणि कुठूनतरी तो सापडतोच.

तरी पहिल्या महिन्यात आमची फजिती झाली. गंधकावर. उसाच्या रसाच्या शुद्धीकरणाला गंधक लागतं, आमच्या क्षमतेला हंगामात दिवसाला पस्तीसेक पोती. एका सकाळी आठला तात्यांनी पोती मोजली, बरोबर मोजली. दहा वाजता बॉयलिंग हाउसनं बारा पोती नेली, अकराला त्याची नोंद झाली. मोजणीचा आकडा मात्र मुलानं दुपारी चारला `MI04` मध्ये भरला. एसएपी पुस्तकी शिल्लक आकडा भरतानाची धरतं, आणि तोवर ती बारा पोत्यांनी उतरलेली होती. फरक दिसला: बारा पोती वाढ. मी ती मान्य करून टाकली. पुढच्या मोजणीत त्याच गंधकात बारा पोती, म्हणजे सहाशे किलोची तूट आली. बॉयलिंग हाउसच्या सुपरवायझरला मी बोलावून विचारलं, त्यांना वाईट वाटलं, आणि दोन दिवसांनी पावत्यांची वेळ लावून बघितल्यावर कळलं की ना कधी वाढ होती ना कधी तूट. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून सकाळचा क्रम पक्का आहे. रात्रपाळीत तातडीनं दिलेला माल रजिस्टरमध्ये लिहिलेला असतो. साडेसातला आधी त्या सगळ्या स्लिपा ईआरपीत चढवायच्या. मग दिवसाचं मोजणीचं कागदपत्र तयार करायचं. एसएपीत `MICN` ज्यांची मुदत आली त्या वस्तू निवडून देतं. कागदपत्र करताना पुस्तकी शिल्लक गोठवण्याची सोय वापरायची, म्हणजे नंतर कितीही माल हलला तरी तुलना सकाळच्या आकड्याशीच होते. मग मोजायचं. साडेनऊपर्यंत त्या दिवसाच्या यादीतल्या वस्तू द्यायच्या नाहीत. फारच अडलं तर दिलेला नग पत्रकावर लिहून द्यायचा. हे सगळं अगदी साधं वाटतं, पण फरक खरा की वेळेचा हे ज्याला सांगता येत नाही त्यानं फरक पुस्तकात चढवूच नये. चुकीचा चढवलेला फरक ही दुसरी चूक असते, आणि ती पहिल्या चुकीसारखीच दिसते.

फरक दिसला की आधी दुसऱ्या माणसानं पुन्हा मोजायचं. तरीही राहिला तर त्याच दिवशी मागच्या मोजणीपासूनच्या सगळ्या हालचाली काढून बसायचं. ए वर्गाची मागची मोजणी दोन महिन्यांपूर्वीची असते, म्हणून त्या हालचाली पाच-दहा, फार तर वीस ओळींच्या. माणसं तीच असतात, त्यांना आठवत असतं. इथेच या पद्धतीचा खरा उपयोग आहे, आणि तो मला बगॅस कॅरिअरच्या चेनमुळे कळला.

ही सहा इंची पिचची चेन. खरेदी मीटरमध्ये होते, फिटर मागतो कड्यांमध्ये: “साठ कड्या द्या.” वार्षिक मोजणीत या चेनला दर वर्षी वाढ यायची, कधी वीस मीटर, कधी तीस. तुटीवर सगळे प्रश्न विचारतात, वाढीवर कुणी विचारत नाही. ‘काढलेली चेन परत आली असेल’ असं लिहून आम्ही ती पुस्तकात चढवायचो. एका वर्षी मीच लिहिलं होतं.

ओव्हरहॉलिंग चालू असताना चेनला ए मध्ये घेतलं आणि लागोपाठच्या दोन महिन्यांत दोनदा मोजली. यार्डात पसरून, टेपनं, मीटरमध्ये. पहिल्या मोजणीपर्यंत २४० कड्या दिल्या होत्या. वाढ निघाली ३ मीटर ४२ सेंटीमीटर. दुसऱ्या मोजणीपर्यंत आणखी ३६० कड्या गेल्या. वाढ ५ मीटर १४ सेंटीमीटर. मी दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि त्या-त्या काळात पुस्तकातून वजा झालेल्या मीटरांनी भागले. पहिल्या वेळी पुस्तकातून ४० मीटर गेले होते, दुसऱ्या वेळी ६०. दोन्ही वेळा उत्तर एकच: शंभराला साडेआठ.

परत येणारा माल असा प्रमाणात येत नाही. जी वाढ देण्याच्या प्रमाणात वाढते ती रॅकवर झालेली नसते, हिशेबात झालेली असते. तात्यांना म्हटलं, “तात्या, एक मीटर टेप लावा आणि कड्या मोजा.” त्यांनी मोजल्या. “सहा पुऱ्या, आन सातवीची अर्धी जातीय बगा.” सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर. मीटरला साडेसहाच्या थोड्या वर कड्या बसतात. आणि वस्तूच्या मास्टरमध्ये एकक रूपांतर काय होतं? एक मीटर बरोबर सहा कड्या. कोड उघडणाऱ्यानं कधीतरी पूर्णांक हवा म्हणून साडेसहाच्या जागी सहा घातलं होतं.

म्हणजे आम्ही साठ कड्या देत होतो तेव्हा रॅकवरून ९ मीटर १४ सेंटीमीटर जात होते आणि पुस्तकातून पूर्ण दहा. शिल्लक खरी होती त्यापेक्षा कमी दिसायची, म्हणून नवी मागणी लवकर निघायची. ओव्हरहॉलिंगच्या खर्चात चेन दर वर्षी नऊ टक्क्यांहून जास्त चढून लागत होती, आणि त्यावरून इंजिनिअरिंग विभागाला विचारणाही झाली होती. चोरी नव्हती, निष्काळजी फिटर नव्हता, परत आलेला माल नव्हता. एक आकडा होता. वार्षिक मोजणीत मात्र बारा महिन्यांच्या खरेदी, इश्यू आणि परती एकत्र मिसळून एकच बेरीज समोर यायची. तिला कशानं भागायचं हेच कळत नसे. दुरुस्तीत रूपांतर असं लिहिलं: २५०० कड्या म्हणजे ३८१ मीटर. दोन्ही बाजूंना पूर्णांक, आणि एका सेंटीमीटरचाही फरक नाही. मागच्या पावत्या बदलत नाहीत, म्हणून त्या दिवशीची शिल्लक मोजून नव्यानं मांडली. पुढच्या तीन मोजण्यांत फरक शून्य आला.

या चेनमुळे आम्ही खरेदीचं एकक आणि देण्याचं एकक वेगळं असलेल्या सगळ्या वस्तूंची यादी काढली. वेल्डिंग रॉड किलोत येतात आणि पाकिटात जातात, ग्रीस बॅरलमध्ये येतं आणि किलोत जातं, रबर शीट रोलमध्ये येते आणि फुटात जाते. सगळीकडे चूक नव्हती. पण जिथे होती तिथे ती याच जातीची होती.

आता हंगामाबद्दल. ए वर्ग वर्षातून सहा वेळा म्हणजे दर दोन महिन्यांनी, असं सुरुवातीला सेटिंगप्रमाणे चाललं होतं. साखर कारखान्याच्या वर्षाला ते बसत नाही. गंधक, चुना, फॉस्फोरिक ॲसिड, साखरेची रिकामी पोती हे ऑक्टोबर ते मार्च हलतात आणि मग सहा महिने पडून असतात. मिलचे पार्ट, चेन, रॉड हे एप्रिल ते सप्टेंबर हलतात. जुलैमध्ये न हललेलं गंधक मोजण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही सहा मोजण्या वस्तू हलते त्या महिन्यांत ओढल्या. शक्य असेल तिथे नवा माल उतरायच्या आदल्या दिवशी मोजतो, कारण तेव्हा रॅकवर सगळ्यात कमी असतं. चारशे पोती मोजण्यापेक्षा चाळीस मोजणं लवकर होतं आणि चुकतही नाही. ठेवणीतल्या सुट्या भागांची एक मोजणी ठरलेली असते: बॉयलर पेटवण्याच्या आधीच्या पंधरवड्यात. त्या वेळी पेटी उघडायची, कड्यावर कोरलेला नंबर वाचायचा, हातानं फिरवून बघायचं, गंजरोधक लावायचं, आणि पेटीवर तारीख व सही असलेली पट्टी लावून बंद करायची. पट्टी तुटलेली दिसली तर ती वस्तू त्याच दिवशी यादीत येते.

दुष्काळानं आणखी एक धडा दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शासनानं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमच्या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. त्या साली उसाची लागण कमी झाली, आणि पुढच्या हंगामात आमचं गाळप लवकर आटोपलं. हंगामानंतर आमच्या नव्या मुलानं एका वर्षाच्या वापरावर `MIBC` चालवलं, तर निम्मी रसायनं ए मधून बी मध्ये उतरलेली. ऊस कमी, म्हणून वापर कमी, म्हणून वर्ग खाली. पाऊस परत आला की कारखाना पुन्हा पूर्ण चालणार, आणि वर्ग मात्र दुष्काळाचेच राहणार. सुदैवानं त्यानं जतन करण्याआधी मला दाखवलं. आता आम्ही कालावधी तीन हंगामांचा धरतो. कधी पाणी असतं आणि कधी नसतं अशा जिल्ह्यात एका वर्षाच्या वापरावर काहीही ठरवू नये.

लेखापरीक्षकांना हे पटवायला वेळ लागला, आणि त्यांनी घेतलेला वेळ योग्यच होता. कंपन्यांच्या लेखापरीक्षकांसाठीच्या २०२० च्या आदेशात, म्हणजे ‘कॅरो’त, व्यवस्थापनानं साठ्याची प्रत्यक्ष तपासणी वाजवी अंतरानं केली का, आणि साठ्याच्या कुठल्याही वर्गात एकूण दहा टक्के किंवा अधिक तफावत निघाली का, हे त्यांना लिहावं लागतं. ‘वर्षातून एकदा, ३१ मार्चला’ असं त्यात कुठे नाही. पण वर्षभरात प्रत्येक वस्तू किमान एकदा मोजली गेली हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून सी वर्गाची एक मोजणी आम्ही कधीही चुकवत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः येऊन साठ वस्तू निवडल्या. तीस यादीतून निवडून रॅकवर शोधल्या आणि तीस रॅकवरून उचलून यादीत शोधल्या.

यादीतून रॅककडे सगळं जुळलं. रॅककडून यादीकडे मात्र चार वस्तू अशा निघाल्या की पुस्तकात त्यांची शिल्लक शून्य होती. कुणीतरी काम उरकल्यावर आणून ठेवलेल्या, कधीच जमा न झालेल्या. हे आमच्या पद्धतीतलं भोक होतं. मुदतीची यादी पुस्तकातल्या शिलकेवरून निघते. पुस्तकात जे नाहीच ते ती कधी मोजायला सांगणार नाही. मग महिन्यातून दोन रॅक निवडून उलट बाजूनं मोजायला सुरुवात केली. आधी रॅकवर जे आहे ते लिहायचं, मग पुस्तकात शोधायचं. तात्यांना हे काम आवडतं. पहिल्याच वर्षी त्यांनी पन्नासच्या वर अशा वस्तू काढल्या, त्यातल्या दोन तर आम्ही त्याच महिन्यात नव्या मागवल्या होत्या.

साखर आणि मळी यांचा हिशेब स्टोअरकडे नाही. त्यांची गोदामं, टाक्या आणि रोजच्या नोंदी वेगळ्या आहेत. त्यामुळे त्याबद्दल मी इथे लिहिलेलं नाही.

चौथ्या वर्षापर्यंत फरकांच्या ओळी वर्षाला दोनशेवरून तीसच्या आसपास आल्या. तीसमधल्या पाच-सहांचं कारण आजही सापडत नाही. ते पत्रकावर तसंच लिहितो: कारण सापडले नाही. ठरलेली कारणं आता कुणी लिहीत नाही.

गेल्या ३१ मार्चला खिडकीवर कागद नव्हता. दुपारी तीनला मिल फिटर आले, दुसऱ्या मिलच्या ट्रॅश प्लेटचे बोल्ट आणि दोन बेअरिंगं मागितली. तात्यांनी पेट्या उघडून कड्यांवरचे नंबर वाचून दाखवले, मी स्लिप केली, फिटरनं सही केली आणि माल घेऊन गेले.